केबल 8के ची, तरी मॉनिटर 30 हर्ट्झवरच

*प्रश्न: 27 इंची 4के मॉनिटर घेतला. लॅपटॉप i5-8250U चा आहे. एचडीएमआयने जोडला तर 30 हर्ट्झच मिळतात आणि माऊस अडखळत चालतो. केबलचा दोष असेल म्हणून ‘8के, 48 जीबीपीएस’ लिहिलेली तीन मीटरची नवी केबल आणली, तरी तेच. 2560×1440 केलं की 60 हर्ट्झ येतात. यापेक्षा भारी केबल घ्यावी का? लॅपटॉपला एक यूएसबी-सी पोर्ट पण आहे.*

आणखी केबल घेऊ नका. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत त्यात केबलचा दोष कुठेच दिसत नाही. मर्यादा लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टची आहे, आणि ते तुमच्याच एका वाक्यावरून कळतं: 2560×1440 ला 60 मिळतात आणि 4के ला बरोबर 30. चित्र स्वच्छ आहे, बंद पडत नाही, फक्त 60 चा पर्याय यादीत येतच नाही. असं दिसलं की मी आधी पोर्ट तपासतो, केबलला हात नंतर लावतो.

ती यादी बनते कशी, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मॉनिटर जोडला की तो स्वतःची माहिती लॅपटॉपला पाठवतो: मी अमुक कंपनीचा, मला ही रिझोल्यूशन्स आणि हे रिफ्रेश रेट चालतात. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप ती वाचते, त्यातले स्वतःला न झेपणारे पर्याय गाळते आणि उरलेले विंडोजला दाखवते. या देवाणघेवाणीत केबलला कुणी काही विचारत नाही. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलमध्ये ‘मी 18 गिगाबिटची’ किंवा ‘मी 48 ची’ असं सांगणारं काहीच नसतं. त्यामुळे तुमच्या जोडणीत केबल साधी की भारी यावरून यादी लांबत नाही आणि आखूडही होत नाही.

आता हिशेब करून बघू, कारण 30 हा आकडा उगाच आलेला नाही. पडद्यावर 3840×2160 पिक्सेल दिसतात, पण एचडीएमआयवरून प्रत्येक फ्रेमबरोबर थोडी रिकामी जागाही पाठवली जाते. ती धरून 4के ची फ्रेम 4400×2250 ची होते.

```
4K,    60 Hz:  4400 × 2250 × 60 = 59.4 कोटी पिक्सेल/सेकंद
4K,    30 Hz:  4400 × 2250 × 30 = 29.7 कोटी
1440p, 60 Hz:  2720 × 1481 × 60 = 24.2 कोटी (साधारण)
```

तुमच्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स आहे, त्याचा एचडीएमआय 1.4 दर्जाचा आहे आणि सेकंदाला 30 कोटी पिक्सेलवर थांबतो. इंग्रजीत हेच 300 मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं दिसेल. 29.7 त्यात जेमतेम बसतात, 24.2 आरामात बसतात, 59.4 बसायचा प्रश्नच नाही. म्हणून चिपने तो पर्याय आधीच गाळला. केबल 8के ची असो की 16के ची, जो सिग्नल लॅपटॉपमधून निघतच नाही, तो ती पोचवणार कुठून?

हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका, स्वतः बघा. इंटेलच्या संकेतस्थळावर i5-8250U चं पान उघडा आणि ग्राफिक्सच्या भागात जा. `Max Resolution (HDMI)` पुढे `4096x2304@24Hz` दिसेल आणि लगेच खाली `Max Resolution (DP)` पुढे `4096x2304@60Hz`. म्हणजे तीच चिप, त्याच लॅपटॉपमध्ये, डिस्प्लेपोर्टच्या वाटेने 4के 60 देऊ शकते. तुमचा उपाय त्या दुसऱ्या ओळीत आहे.

मात्र प्रोसेसरच्या पानावरून शंभर टक्के निकाल लावता येत नाही, हेही सांगायला हवं. काही कंपन्यांनी त्याच पिढीच्या लॅपटॉपमध्ये बोर्डावर वेगळी रूपांतराची चिप बसवून एचडीएमआय 2.0 दिला होता. काही गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय थेट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असतो, तिथे इंटेलची मर्यादा लागूच होत नाही. तुमचा लॅपटॉप यातला असता, तर 60 यादीत दिसायला हवे होते. ते दिसत नसतील तर एकच शंका उरते: मॉनिटरने स्वतःची पूर्ण माहिती दिली का?

यासाठी मॉनिटरच्या बटणांचा मेनू उघडा. बऱ्याच 4के मॉनिटरांत प्रत्येक एचडीएमआय इनपुटला 1.4 की 2.0 असा पर्याय असतो, आणि जुन्या यंत्रांशी पटावं म्हणून काही जण कारखान्यातून तो 1.4 वर ठेवून पाठवतात. टीव्हीवर हीच गोष्ट ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ अशा नावाखाली सापडते. काही मॉनिटरांना दोन एचडीएमआय असतात आणि त्यातला एकच 2.0 असतो, तेव्हा मागचं लेबल आणि माहितीपुस्तिका दोन्ही बघा. मेनूत बदल केल्यावर केबल एकदा काढून घाला, म्हणजे ईडीआयडी नव्याने वाचली जाईल. इतकं करूनही 30 च राहिले, तर पोर्टचं नक्की झालं.

विंडोज 11 मध्ये खरा सिग्नल काय जातोय ते `Settings > System > Display > Advanced display` इथे दिसतं. तिथे `Desktop mode` आणि `Active signal mode` अशा दोन ओळी असतात. लोक पहिली वाचतात, वाचायची असते दुसरी. डेस्कटॉप 1440 वर ठेवला तरी तारेतून 4के चा सिग्नल जात असेल, असं होऊ शकतं. त्याच पानावर `Color format` पण बघा. तिथे RGB असेल तर उत्तम. YCbCr420 दिसलं, तर 60 हर्ट्झ मिळवण्यासाठी रंगाची माहिती कापली गेली आहे. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, पण लाल किंवा निळी बारीक अक्षरं फिसकटलेली दिसतात. टीव्हीला जोडून एक्सेल वापरणाऱ्यांची ‘अक्षरं धूसर आहेत’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

आता केबलचा दोष कसा दिसतो, ते सांगतो, कारण तोही खरा असतो आणि तुमच्या पुढच्या जोडणीत तो समोर येऊ शकतो. एचडीएमआय 2.0 पर्यंतच्या सिग्नलला केबल कमी पडली, तर लॅपटॉप बहुतेक वेळा मागे हटत नाही. तो पूर्ण वेगाने पाठवत राहतो आणि वाटेत बिट खराब होतात. मग काळ्या भागावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, बारीक आडव्या रेघा येतात, किंवा पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो. रिफ्रेश रेट कमी केला की हे सगळं गायब होतं. एका कॉन्फरन्स हॉलमध्ये भिंतीतल्या पाइपातून दहा मीटरची तांब्याची केबल ओढलेली होती. 4के 60 ला टीव्हीवर ठिपक्यांचा पाऊस पडायचा, 30 केलं की चित्र स्फटिकासारखं स्वच्छ. तोच टीव्ही, तोच लॅपटॉप आणि दोन मीटरची केबल जोडली की 60 लाही काही तक्रार नाही. तिथे शेवटी ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली. अशा केबलला दिशा असते. एका टोकावर Source आणि दुसऱ्यावर Display लिहिलेलं असतं, उलटी ओढली तर चित्र येतच नाही. पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून जोडून बघा, नाहीतर सगळी बाहेर काढावी लागते.

केबलचा दुसरा दोष वेगळा दिसतो: पडदा 1024×768 किंवा 640×480 वर अडकतो आणि मॉनिटरचं नावही विंडोजला कळत नाही. ईडीआयडी ज्या बारीक तारेवरून येते ती तुटलेली असते, किंवा प्लग पूर्ण बसलेला नसतो. लॅपटॉपला समोर कोण आहे हेच कळत नाही, म्हणून तो सर्वांत सुरक्षित रिझोल्यूशन धरतो. इथे केबल बदलली की लगेच फरक पडतो.

तुमचं यातलं काहीच नाही. तरी पक्की खात्री हवी असेल तर अदलाबदल करून बघा. एका सीएच्या ऑफिसात तीन टेबलांवर एकाच मॉडेलचे मॉनिटर होते, दोनांना 60 आणि एकाला 30. तिथल्या मुलाने केबल बदलून पाहिली होती, मॉनिटर दुरुस्तीला पाठवायच्या तयारीत होता. मी शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप उचलून त्याच मॉनिटरला, त्याच केबलने जोडला. लगेच 60 आले. मग हा लॅपटॉप शेजारी नेला, तिथे 30. म्हणजे 30 लॅपटॉपबरोबर फिरत होते. ओळखीतल्या कुणाचा इंटेल अकराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लॅपटॉप एचडीएमआयसकट मिळाला, तर तुम्हीही हे पाच मिनिटांत करू शकता. i5-1135G7 सारख्या चिपला एचडीएमआयवरून 4के 60 सहज जमतं.

आता उपाय. तुमच्याकडे यूएसबी-सी आहे, पण प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र निघत नाही. पोर्टशेजारची खूण बघा. D आणि P एकत्र गुंफलेली खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र नक्की निघेल. नुसती यूएसबीची त्रिशूळ खूण असेल तर बहुधा फक्त डेटा. काही कंपन्या खूणच छापत नाहीत, तेव्हा लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. त्याच नावाच्या मालिकेत एका मॉडेलला चित्र असतं आणि दुसऱ्याला नसतं, म्हणून मालिकेच्या नावावर विसंबू नका.

चित्र निघत असेल, तर माझी पहिली पसंती यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट बहुधा असेलच. मध्ये कुठेही एचडीएमआयमध्ये रूपांतर होत नाही, त्यामुळे बिघडायला जागा कमी. डिस्प्लेपोर्टवर फ्रेमभोवतीची रिकामी जागाही कमी धरली जाते: 4000×2222×60, म्हणजे साधारण 53.3 कोटी पिक्सेल. प्रत्येकी 24 बिट धरले तर सेकंदाला 12.8 गिगाबिट. तुमच्या चिपचा डिस्प्लेपोर्ट 1.2 दर्जाचा आहे. त्यात चार लेन असतात, प्रत्येकी 5.4 गिगाबिटच्या. दहातले दोन बिट सिग्नलच्या बांधणीत जातात, म्हणून हातात 17.28 गिगाबिट उरतात. 12.8 त्यात आरामात मावतात. दीड-दोन मीटरची केबल घ्या, आणि मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट 1.1 वर ठेवलेला नाही ना, तेवढं बघा.

इथे लोक हमखास फसतात ती जागा म्हणजे हब. एकाच डब्यात एचडीएमआय, दोन-तीन यूएसबी, कार्ड रीडर, चार्जिंग, आणि खोक्यावर ‘4K@60Hz’. यूएसबी-सी मध्ये वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या असतात. हबला यूएसबी 3 चा वेगही द्यायचा असेल, तर दोन जोड्या डेटाला जातात आणि चित्राला दोनच उरतात. तुमच्या लॅपटॉपवर त्या दोन लेनची क्षमता 8.64 गिगाबिट, आणि हवेत 12.8. परिणाम: परत 30 हर्ट्झ, आणि हबवर दोष. डिस्प्लेपोर्ट 1.4 च्या नव्या लॅपटॉपवर तोच हब 60 देतो, कारण तिथे प्रत्येक लेन 8.1 गिगाबिटची असते आणि दोन लेनमध्येही 12.96 मिळतात. खोक्यावरचं वाक्य त्या लॅपटॉपसाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही. हब हवाच असेल तर ज्याचे यूएसबी पोर्ट 2.0 चे आहेत असा बघा. यूएसबी 2.0 च्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे चारही लेन चित्राला मिळतात. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर त्यावर व्यवस्थित चालतात, फक्त बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला लावा. पोर्ट थंडरबोल्टचा असेल तर थंडरबोल्ट डॉक घ्यायचा पर्यायही आहे, त्याला ही अडचण येत नाही, पण किंमत बरीच जास्त पडते.

मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट दुसऱ्या यंत्राने अडवलेला असेल, तर यूएसबी-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर घ्या, पण त्यावर 4के 60 स्पष्ट लिहिलेलं हवं. स्वस्त ॲडॉप्टरमधली चिप एचडीएमआय 1.4 चीच असते आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता. लॅमिंग्टन रोडवर असो की घराजवळच्या दुकानात, ‘4के चालतं का’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येणार, कारण 30 हर्ट्झ हेही 4के च आहे. ‘4के ला साठ हर्ट्झ देतं का, आणि नाही दिले तर परत घ्याल का’ असं विचारा.

या ॲडॉप्टरच्या वाटेने गेलात, तर तुमची नवी तीन मीटरची केबल पहिल्यांदा मोठ्या वेगाने वापरली जाईल. 4के 60 ला एचडीएमआयवर 18 गिगाबिटच्या जवळपास वेग लागतो, आणि तेव्हा ‘48 जीबीपीएस’ लिहिलेली ही केबल निदान तेवढा तरी वेग पेलते का ते कळेल. केबलला 2.0, 2.1 असे आकडे अधिकृतपणे नसतातच, ते पोर्टांना असतात. केबलची ओळख वर्गावरून होते, जसे हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. तपासून घेतलेल्या प्रीमियम केबलवर 18 गिगाबिटची आणि अल्ट्रावर 48 ची हमी असते, आणि खोक्यावर मोबाइलने स्कॅन करायचं लेबल असतं. तुमच्या खोक्यावर ते नसेल, तर पहिल्या दिवशी पडद्यावर गडद रंग भरून अर्धा तास लक्ष ठेवा. ठिपके दिसले किंवा पडदा क्षणभर काळा झाला, तर मुदत आहे तोवर केबल परत करा.

एक फरक लक्षात असू द्या, कारण डिस्प्लेपोर्टवर गेल्यावर लक्षणं बदलतात. डिस्प्लेपोर्टमध्ये जोडणी होताना दोन्ही टोकं त्या केबलवरून चाचणी घेतात. वरच्या वेगाला सिग्नल नीट पोचत नसेल, तर आपोआप खालच्या वेगावर किंवा कमी लेनवर येतात. तिथे ठिपके न दिसता यादीच आखूड झालेली दिसू शकते. म्हणजे एचडीएमआयला ‘स्वच्छ चित्र पण 30’ असेल तर पोर्टवर शंका घ्यायची. डिस्प्लेपोर्टला तेच दिसलं, तर केबल बदलून बघणं रास्त आहे. हीच चाचणी एचडीएमआय 2.1 च्या नव्या जोडणीतही होते, पण तुमच्या लॅपटॉपला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

आणि यूएसबी-सी मधून चित्र निघतच नसेल तर? मग दोन वाटा. पहिली, यूएसबी 3 वर चालणारं डिस्प्लेलिंकचं ॲडॉप्टर. ते चित्र दाबून साध्या डेटासारखं पाठवतं, म्हणून डिस्प्लेपोर्टची गरज लागत नाही. 4के 60 देणारी मॉडेल्स मिळतात. ड्रायव्हर घालावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार पडतो, आणि काही ओटीटी ॲप त्या पडद्यावर चित्र दाखवायला नकार देतात. ऑफिसचं काम, कोडिंग, टॅली, एक्सेल यांना ते पुरतं. गेम खेळायला नाही.

दुसरी वाट फुकट आहे: मॉनिटर 2560×1440 ला 60 हर्ट्झवर चालवा. 27 इंचांवर अक्षरं 4के पेक्षा किंचित मऊ दिसतील, कारण एका पिक्सेलचे दीड पिक्सेल करून दाखवावे लागतात. पण माऊस आणि स्क्रोलिंग सरळ होतं. दिवसभर टायपिंग असेल तर मी 30 हर्ट्झच्या 4के पेक्षा हेच लावून देतो. फोटो बघणं, नकाशे, आराखडे अशी थांबून बघायची कामं असतील तर 4के आणि 30 चालू शकतं. दोन्ही एकेक दिवस वापरून बघा, आणि दरम्यान लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर इथे लिहा. त्या पोर्टमधून चित्र निघतं की नाही, ते मी बघून सांगतो.